तीस दिवसांचा क्लाउड आणि पावणेचार दिवसांचं कार्ड : कोकणातल्या एका बंद घराचं प्रकरण

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावातलं हे घर आहे. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. कॅमेऱ्यांची रचना, साठवणुकीचे हिशेब आणि घटनांचा क्रम मात्र जसाच्या तसा आहे. घरगुती कॅमेऱ्यांची नवी मांडणी करून देण्यासाठी मला नंतर बोलावलं गेलं. आधी काय झालं ते तिघा भावांकडून आणि घर सांभाळणाऱ्या गड्याकडून समजलं.

पार्श्वभूमी

घर चिऱ्याचं, कौलारू, तिघा भावांच्या सामाईक मालकीचं. थोरले डोंबिवलीत राहतात, मधले पुण्यात आणि धाकटे नागपुरात. गणपती, दिवाळी, शिमगा आणि मे महिना एवढ्याच वेळी घर उघडतं. एरवी गावातलाच एक माणूस आठवड्यातून एकदा येऊन ओटी झाडतो, दिवा लावतो आणि दारं-खिडक्या पाहून जातो.

दोन वर्षांपूर्वी धाकट्यांनी पाच वायफाय कॅमेरे बसवून घेतले. त्यांच्या जागा होत्या फाटक, खळं, पडवी, परसदार आणि विहीर. सगळे दोन मेगापिक्सेलचे, प्रत्येकात ६४ जीबीचं मेमरी कार्ड. गावात केबलवाल्याचं फायबर आलेलं असल्यामुळे इंटरनेटही होतं. कॅमेऱ्यांच्या कंपनीचा क्लाउड प्लॅन कॅमेऱ्यागणिक होता, एका कॅमेऱ्याला महिन्याला दोनशे रुपयांच्या आसपास, ३० दिवसांच्या इतिहासासह. पाचही कॅमेऱ्यांचा प्लॅन वर्षाला बारा हजारांवर जात होता, म्हणून फक्त फाटकाच्या कॅमेऱ्याला तो घेतला. यामागचा विचार साधा होता: येणारा माणूस फाटकातूनच येणार.

घरात मात्र सगळ्यांचा समज असा झाला की "आपल्याकडे ३० दिवसांचं रेकॉर्डिंग आहे." ॲप उघडलं की पाचही कॅमेरे एकाच पडद्यावर दिसत. त्यातल्या एकालाच क्लाउड आहे, हे त्या पडद्यावरून कळायला मार्ग नव्हता.

काय घडलं

गणेशचतुर्थीच्या चार दिवस आधी थोरले आणि त्यांचा मुलगा साफसफाईसाठी घरी पोचले. विहिरीवर गेले तर पंपाची केबल कापून नेलेली. पंप जागेवर होता, पण तिथून पंपघरापर्यंतची तांब्याची तार गायब होती. गड्याला विचारलं तर तो म्हणाला, "दादा, पावसात विहिरीवर कोण कशाला जाईल?" त्याचं बरोबर होतं. पावसाळ्यात पंप लागतच नाही. दीप अमावास्येला तो तिथे भांडी घासायला गेला होता आणि तेव्हा तार शाबूत होती, एवढं त्याला पक्कं आठवत होतं. म्हणजे चोरी साधारण एका महिन्याच्या पट्ट्यात कधीतरी झाली होती.

मुलाने लगेच विहिरीच्या कॅमेऱ्याचं कार्ड उघडलं. त्यात जुन्यात जुनं चित्रण चार दिवसही मागचं नव्हतं.

मग फाटकाच्या क्लाउडकडे लक्ष गेलं. तिथे ३० दिवस होते, म्हणजे जवळजवळ पूर्ण पट्टा हाताशी होता. पण घरात गणपती यायचे होते, माणसं जमायची होती. "विसर्जन झालं की शांतपणे बसून बघू," असं ठरलं. ते बघायला बसले साधारण दहा दिवसांनी. क्लाउडचा इतिहास रोज पुढे सरकतो: आजचा दिवस आत येतो आणि सर्वांत जुना दिवस पुसला जातो. त्या दहा दिवसांत पट्ट्याचे सुरुवातीचे दहा दिवस कायमचे गेले. माझ्या मते या प्रकरणातला हा पहिला आणि सगळ्यांत महागडा निर्णय होता, आणि तो निर्णय आहे असं त्या वेळी कुणाला वाटलंही नव्हतं. चोरी लक्षात आल्याबरोबर, काही न बघता, सगळ्या क्लिपा आधी उतरवून घ्यायला हव्या होत्या. बघणं नंतर कधीही झालं असतं.

उरलेल्या वीस दिवसांतही हाती काही लागलं नाही. फाटकासमोरून गावचा रस्ता जातो. दिवसाला साठ-सत्तर क्लिपा तयार होत होत्या आणि त्यात एसटी, दुचाकी, कुत्री, वाऱ्याने हलणारी जास्वंद आणि रात्री कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड दिव्यापुढे उडणारे किडे होते. श्रावणातल्या काही दिवसांची एकही क्लिप नव्हती. आधी वाटलं, त्या दिवशी कुणी फिरकलंच नसेल. मग ॲपमधली कॅमेरा ऑफलाइन गेल्याची नोंद पाहिली. झाड पडून फायबर तुटलं होतं आणि ते चार दिवस क्लाउडवर काही पोचलंच नव्हतं. शांत दिवस आणि बंद पडलेला दिवस क्लाउडच्या यादीत अगदी सारखे दिसतात, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

नंतर पायवाट तपासली तेव्हा दिसलं की विहिरीकडे जायला फाटक लागतच नाही. मागच्या शेताच्या बांधावरून सरळ उतरता येतं.

कार्डात चार दिवसही का मावले नाहीत

इथे थोडं गणित करावं लागेल. कॅमेरा सेकंदाला किती डेटा लिहितो त्याला बिटरेट म्हणतात. एक मेगाबिट प्रतिसेकंद या वेगाने चोवीस तास लिहिलं तर दिवसाला १०.८ जीबी भरतात. विहिरीचा कॅमेरा सरासरी दीड मेगाबिटवर चालत होता, म्हणजे दिवसाला १६.२ जीबी. ६४ जीबीच्या कार्डातली थोडी जागा कॅमेरा स्वतःसाठी राखतो, म्हणून सारं मिळून पावणेचार दिवस. त्यानंतर जुनं पुसून त्यावरच नवं लिहिलं जातं.

जाहिरातीत "इतक्या दिवसांचं रेकॉर्डिंग" असं लिहिलेलं असतं, ते फक्त हालचालीच्या क्लिपा धरूनही असू शकतं. या घरात कॅमेरे सलग रेकॉर्डिंगवर ठेवले होते. सलग ठेवणं चूक नव्हतं, उलट विहिरीसारख्या जागी तेच बरं. विहीर घरापासून दूर होती, रात्री पावसात माणूस ओळखून हालचाल पकडण्याचा भरवसा तिथे नव्हता. पण सलग रेकॉर्डिंग हवं असेल तर त्या मापाची जागाही लागते, आणि तो हिशेब कुणी केलाच नव्हता.

पर्याय

दिवाळीत तिघे भाऊ एकत्र आले तेव्हा चार गोष्टी चर्चेत होत्या.

धाकट्यांचं म्हणणं होतं की पाचही कॅमेऱ्यांना क्लाउड घ्यावा. खर्च तिघांत वाटला तर जड नाही. पण घरगुती क्लाउड प्लॅनमध्ये साधारणपणे हालचालीच्या क्लिपाच जातात. सलग चित्रण देणारे प्लॅन थोडे आहेत आणि महाग आहेत. शिवाय फायबर तुटलं की पाचही कॅमेरे एकदम आंधळे. कोकणातल्या पावसाळ्यात ही नुसती शक्यता नाही, तर खात्रीच आहे. काही कंपन्या कॅमेऱ्यागणिक पैसे न घेता पूर्ण घराचा एकच प्लॅन देतात. तीन-चार कॅमेऱ्यांपुढे तो स्वस्त पडतो. पण या कंपनीकडे तसा प्लॅन नव्हता, आणि त्यासाठी सगळे कॅमेरे बदलणं कुणालाच पटलं नाही.

मधल्यांना मोठी कार्डं पुरेशी वाटत होती. त्याच बिटरेटला २५६ जीबीचं कार्ड साधारण पंधरा दिवस धरतं. खर्च एकदाच, महिन्याचं देणं नाही. पण चोराने कॅमेराच उपटून नेला तर पुरावाही त्याच्याबरोबर जातो. आणि सलग लिहून लिहून साधं कार्ड झिजतं. कॅमेऱ्यासाठीची जास्त टिकाऊ कार्डं वेगळी मिळतात, ती घ्यावी लागतात. कार्ड मेलं तरी लाइव्ह चित्र व्यवस्थित दिसत राहतं, म्हणून महिनोन्महिने कुणाला पत्ता लागत नाही. या घरातल्या परसदाराच्या कॅमेऱ्याचं कार्ड मी तपासलं तेव्हा ते नुसतंच वाचलं जात होतं, त्यात नवं काहीच लिहिलं जात नव्हतं.

तिसरा पर्याय घरात एनव्हीआर बसवण्याचा, म्हणजे सगळ्या कॅमेऱ्यांचं चित्रण एका हार्ड डिस्कवर गोळा करणारा डबा. त्यासाठी कॅमेऱ्यांना ओएनव्हीआयएफ किंवा आरटीएसपी, म्हणजे अशा डब्याला चित्र पाठवण्याच्या ठरलेल्या पद्धती, यांपैकी एक यावी लागते. यांच्या कॅमेऱ्यांना ती येत होती. बॅटरीवर चालणाऱ्या कॅमेऱ्यांना बहुधा येत नाही, त्यामुळे तसे कॅमेरे असते तर हा रस्ता तिथेच बंद झाला असता.

चौथा पर्याय म्हणजे दोन्ही: सगळ्यांचं सलग चित्रण घरात आणि मोजक्या कॅमेऱ्यांच्या क्लिपा क्लाउडवर.

किती दिवस हवेत

चर्चा पैशांवर अडली असं त्यांना वाटत होतं. खरी अडचण वेगळी होती. "किती दिवस?" या प्रश्नाला प्रत्येकजण प्लॅनच्या यादीतून उत्तर शोधत होता: ७ की ३०? मी त्यांना विचारलं की घरात काही बिघडलं किंवा गेलं तर ते तुमच्या लक्षात यायला जास्तीत जास्त किती दिवस लागतात? दिवाळी ते शिमगा हा चार महिन्यांचा काळ आहे. तेवढा इतिहास ठेवणारा परवडेल असा प्लॅन त्यांच्यापुढे नव्हता. मग एकच मार्ग उरतो. इतिहास लांबवता येत नसेल तर लक्षात येण्याचा काळ आखडायचा.

म्हणून आधी गड्याशी बोलणं झालं. दर पंधरवड्याला त्याने विहीर, गोठा, मागचा बांध आणि पंपघर अशी फेरी मारायची, प्रत्येक ठिकाणचा एक फोटो व्हॉट्सॲपवर टाकायचा. पावसाळ्यातही. त्यासाठी त्याचे महिन्याचे पैसे वाढवले. एका कॅमेऱ्याच्या क्लाउडला लागतात त्याहून थोडे जास्त. मधल्यांना हे खटकलं. त्यांचं म्हणणं, "कॅमेरे आहेत ना, मग माणूस कशाला?" पण पंधरा दिवसांची फेरी पक्की झाल्यावर बाकीचे आकडे आपोआप ठरत गेले. फेरी चुकली तर पुढची येईपर्यंत ३० दिवस, वर सणवार आणि दिरंगाईसाठी पंधरा. घरातली साठवण किमान ४५ दिवसांची हवी. क्लाउडला ३० चालतील, ७ चालणार नाहीत.

काय केलं

आठ कॅमेऱ्यांच्या क्षमतेचा एनव्हीआर घेतला. कॅमेऱ्यांची चित्रणपद्धत कमी जागेत चित्र बसवणारी एच.२६५ केली आणि सेकंदाला फ्रेम पंधरावर आणल्या. बिटरेट प्रत्येकी एक मेगाबिटच्या आसपास आला. पाच कॅमेऱ्यांचे मिळून दिवसाला ५४ जीबी. दोन टीबीच्या डिस्कमध्ये ३७ दिवस मावले असते, ते कमी पडत होते. म्हणून चार टीबीची, चोवीस तास लिहिण्यासाठी बनवलेली पाळत-कामाची डिस्क घेतली. कागदावर सत्तरच्या वर दिवस निघतात. प्रत्यक्षात साठच्या आसपास मिळतात, कारण पावसाच्या रात्री चित्रात सतत हालचाल असते आणि बिटरेट वर चढतो.

डबा माळ्यावर, जुन्या पेटाऱ्याच्या मागे ठेवला. हवा खेळती राहील एवढी जागा सोडली. त्याला आणि राऊटरला इन्व्हर्टरवर घेतलं, फायबरच्या डब्यासकट. नुसत्या एनव्हीआरला वीज देऊन राऊटर बंद राहिला तर वायफाय कॅमेऱ्यांचं चित्र डब्यापर्यंत पोचतच नाही. इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालण्याचं काम गड्याच्या फेरीत जोडलं.

विहिरीचा कॅमेरा सगळ्यांत जिकिरीचा होता. चिऱ्याच्या जाड भिंतींमधून वायफाय तिथे अर्धमेलं होऊन पोचत होतं, चित्र तुटत होतं. घरापासून विहिरीपर्यंत उघड्यावरून तांब्याची नेटवर्क केबल नेणं मला धोक्याचं वाटलं. जून आणि ऑक्टोबरमधल्या विजांच्या वेळी अशा केबलमधून येणारा झटका एनव्हीआरसकट सगळं जाळू शकतो. शेवटी कॅमेरा घराला लागून असलेल्या गोठ्याच्या भिंतीवर आणला. तिथून विहीर वीसेक मीटरवर दिसते. यातली मर्यादा भावांना आधीच स्पष्ट सांगितली. एवढ्या अंतरावर, रात्री, दोन मेगापिक्सेलमध्ये माणूस आला हे कळेल, चेहरा ओळखू येणार नाही.

क्लाउडसाठी दोनच कॅमेरे निवडले, पडवी आणि परसदार. फाटकाचा प्लॅन बंद केला. यावर थोरल्यांनी बराच वाद घातला, आणि मला त्यांचं म्हणणं समजत होतं. फाटक म्हणजे घराची सीमा. पण रस्त्याच्या रहदारीने भरलेला इतिहास कुणी पाहत नाही. सूचनाही इतक्या यायच्या की तिघांनीही त्या फोनवर बंद करून टाकल्या होत्या. घरात एनव्हीआर असताना क्लाउडचं काम उरतं ते कुणी आत शिरून डबाच उचलला तर त्याआधीची दोन-चार मिनिटं घराबाहेर सुरक्षित ठेवण्याचं. आत शिरायचं तर या दोन दारांपैकी एकातून शिरावं लागतं. दोन्हीकडे फक्त दारापुरता चौकोन आखून हालचाल तेवढ्यातच धरायची ठेवली. सूचना दिवसाला चार-पाचावर आल्या आणि तिघांनी त्या पुन्हा चालू केल्या.

खातं धाकट्यांच्या नावावर होतं. बाकीच्यांना त्यांनी पाहण्याची परवानगी दिली होती, पण त्या परवानगीत लाइव्ह चित्र दिसे, क्लाउडच्या क्लिपा उतरवता येत नसत. गणपतीत उशीर व्हायला हेही एक कारण होतं, कारण धाकटे तेव्हा नागपुरात होते. आता खातं कुटुंबासाठी काढलेल्या वेगळ्या ईमेलवर आहे आणि पासवर्ड तिघांकडे आहे.

पुढे काय झालं

मार्चमध्ये शिमग्याआधीच्या फेरीत गड्याच्या लक्षात आलं की गोठ्यामागे रचलेल्या फणसाच्या फळ्या कमी झाल्यात. त्याआधीची एक फेरी त्याच्या घरच्या लग्नामुळे चुकली होती. त्यामुळे शोधायचा पट्टा महिन्याचा झाला. क्लाउडवर काही नव्हतं, फळ्या दोन्ही चौकोनांच्या बाहेर होत्या. एनव्हीआरवर मात्र गोठ्याच्या कॅमेऱ्याचं सलग चित्रण होतं. महिनाभराचं चित्रण कुणी बसून पाहत नाही. मुलाने मधला दिवस काढून फळ्यांचा ढीग पाहिला, उंची कमी झालेली दिसली की मागच्या अर्ध्यात, नाही तर पुढच्या अर्ध्यात, असं अर्धं-अर्धं करत गेला. पाच-सहा उड्यांत दिवस सापडला आणि थोड्या वेळात तासही. दुपारी टेम्पो आलेला होता, दिवसाउजेडी, आणि उजेड असल्यामुळे माणसंही ओळखू आली. प्रकरण गावातच, बसून मिटलं.

पोलिसांत जायचं ठरलं असतं तर नुसती व्हॉट्सॲपवर पाठवलेली क्लिप पुरली नसती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, आणि त्यात फाइलची हॅश किंमत, म्हणजे फाइल जराही बदलली तर बदलणारा तिचा आकडी ठसा, नोंदवावी लागते. म्हणून मूळ फाइल एनव्हीआरमधून पेनड्राइव्हवर काढून ठेवली, तिची हॅश काढून लिहून ठेवली आणि डिस्कवरच्या त्या दिवसाला पुसण्यापासून कुलूप लावलं. हे त्यांनी फळ्यांचा माणूस ओळखण्याआधी केलं.

याच वेळी एनव्हीआरचं घड्याळ अकरा मिनिटं मागे असल्याचं कळलं. वीज आणि इंटरनेट दोन्ही गेल्यावर ते भरकटलं होतं. आता ते इंटरनेटवरून वेळ घेतं, आणि महिन्यातून एकदा कॅमेऱ्यासमोर फोनचं घड्याळ धरून पडताळलं जातं.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्याच दिवशी, कॅमेरे बसवताना, प्रत्येक कॅमेऱ्याचं सर्वांत जुनं चित्रण आठवड्याभराने उघडून पाहिलं असतं तर पावणेचार दिवसांची मर्यादा तेव्हाच दिसली असती. मी आता भावांना महिन्यातून एकदा हेच करायला सांगितलं आहे: लाइव्ह चित्र नव्हे, मागचं टोक बघा. ते टोक ठरवलेल्या दिवसांपेक्षा अलीकडचं असेल तर जागा कमी पडते आहे. ताज्या तारखेचं चित्रणच सापडत नसेल तर कार्ड किंवा डिस्क लिहीत नाही.

क्लाउडचं नूतनीकरण धाकट्यांच्या डेबिट कार्डावर आहे आणि ते कार्ड पुढच्या वर्षी संपतं. पैसे कापले गेले नाहीत तर या कंपनीत नवं रेकॉर्डिंग तर थांबतंच, जुन्या क्लिपाही दिसेनाशा होतात. यावर अजून काही केलेलं नाही, फक्त थोरल्यांनी डायरीत तारीख लिहून ठेवली आहे.

डबा घरातच असणं ही उरलेली उणीव आहे. आग लागली किंवा माळाच रिकामा केला गेला तर साठ दिवस एकदम जातील आणि हाती उरतील त्या दोन दारांच्या क्लिपा. धाकट्यांना गोठ्याच्या कॅमेऱ्यालाही क्लाउड हवा आहे. मधल्यांच्या मते त्या पैशात विहिरीपर्यंत फायबर ओढून कॅमेरा पुन्हा जवळ नेता येईल, धातू नसलेल्या फायबरमधून विजेचा झटकाही येत नाही. मला मधल्यांचं पटतं, कारण गोठ्यावरून रात्री चेहरा दिसतच नाही आणि न ओळखू येणारा माणूस क्लाउडवर साठवून काही उपयोग नाही. मेमध्ये सगळे जमतील तेव्हा ठरेल.